व्हेंच्युरीमीटर आणि उसनी थिअरी

फ्लुइड मेकॅनिक्सच्या लॅब रिपोर्टमध्ये ‘थिअरी’ नावाचा एक भाग असतो. उद्देश, साहित्य, थिअरी, कृती, रीडिंग, आकडेमोड, निष्कर्ष या ठरलेल्या ओळीत तो तिसरा. मुलं तो सगळ्यात आधी लिहून मोकळी होतात आणि मी तो सगळ्यात शेवटी वाचतो. रीडिंग प्रत्येक गटाची निराळी असतात, आकडेमोडीतल्या चुकाही निरनिराळ्या असतात. थिअरी मात्र सगळ्यांची एकच, कारण ती एकाच पुस्तकाच्या एकाच पानावरून उतरलेली असते, किंवा त्या पानावरून उतरवलेल्या सिनियरच्या फाइलवरून.

अलीकडे मुलांना ‘कॉपी करू नका, आपल्या शब्दांत लिहा’ असं बजावलेलं असतं. त्याचा परिणाम काय होतो ते बर्नोलीच्या तत्त्वावर फार छान दिसतं. आमचे रिपोर्ट इंग्रजीत असतात, पण जे घडतं ते मराठीतही जसंच्या तसं घडवून दाखवता येतं. समजा पुस्तकातला उतारा असा आहे:

‘आदर्श, असंपीड्य द्रवाचा प्रवाह स्थिर असताना एकाच प्रवाहरेषेवरील कोणत्याही बिंदूपाशी दाबऊर्जा, गतिज ऊर्जा आणि स्थितिज ऊर्जा यांची बेरीज कायम राहते. नळीच्या अरुंद भागात द्रवाचा वेग वाढतो, त्यामुळे तेथील दाब कमी होतो.’

आणि ‘आपल्या शब्दांत’ लिहून आलेला उतारा असा:

‘परिपूर्ण, न दबणाऱ्या द्रवाचा ओघ एकसमान असताना त्याच रेषेवरील प्रत्येक ठिकाणी दाबशक्ती, गतिशक्ती आणि स्थितिशक्ती यांचा योग बदलत नाही. पाइपच्या निमुळत्या भागात द्रवाची गती वाढते, म्हणून तिथले बल घटते.’

वाक्यांची संख्या तीच, क्रम तोच, उपवाक्यांची जागाही तीच. फक्त एकेक शब्द उचलून त्याच्या जागी दुसरा बसवला आहे. यात चोरी झाकली गेली का, हा प्रश्न थोडा बाजूला ठेवू. त्याआधी या दुसऱ्या उताऱ्यात भौतिकशास्त्राचं काय झालं ते बघण्यासारखं आहे.

‘आदर्श’चं ‘परिपूर्ण’ केलं, त्यात काही बिघडलं नाही. जुन्या इंग्रजी पुस्तकांत परफेक्ट फ्लुइड असंच म्हणत. ‘असंपीड्य’चं ‘न दबणारा’ केलं, तेही चालेल. पण ऊर्जेची शक्ती झाली तेव्हा एक राशी जाऊन तिथे दुसरीच आली. ऊर्जा ज्यूलमध्ये मोजतात आणि शक्ती वॅटमध्ये. बोलताना आपण दोन्ही शब्द सरमिसळ वापरतो, पण लॅबमध्ये ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत. दाबाचं बल झालं, तेव्हाही तेच. दाब म्हणजे क्षेत्रफळाच्या प्रत्येक एककावरचं बल. व्हेंच्युरीमीटर या प्रवाह मोजायच्या उपकरणात नळीचा मधला भाग अरुंद असतो, त्याला गळा म्हणतात. तिथे क्षेत्रफळच बदललेलं आहे, त्यामुळे इथे तर हा फरक विसरून चालणारच नाही.

सगळ्यात मोठी गडबड ‘स्थिर’च्या जागी आलेल्या ‘एकसमान’ने केली आहे. इंग्रजी रिपोर्टमध्ये स्टेडीचं युनिफॉर्म होतं, दर वर्षी होतं, आणि ते करणाऱ्याला आपण काही बदललं असं वाटतही नाही. प्रवाह स्थिर आहे म्हणजे एखाद्या ठरावीक जागी उभं राहून बघत राहिलं तर तिथला वेग, तिथला दाब वेळेनुसार बदलत नाही. प्रवाह एकसमान आहे म्हणजे एकाच क्षणी एका जागेकडून पुढच्या जागेकडे गेलं तरी वेग बदलत नाही. पहिल्या शब्दाचा संबंध वेळेशी आहे, दुसऱ्याचा जागेशी. व्हेंच्युरीमीटरमध्ये पाणी आधी हळू वाहतं, मग गळ्यातून वेगाने जातं आणि पुढे पुन्हा मंदावतं. म्हणजे प्रवाह स्थिर आहे, पण एकसमान अजिबात नाही. तो एकसमान असता तर दोन ठिकाणच्या दाबांत फरकच पडला नसता, दाबांतला फरक दाखवणाऱ्या मॅनोमीटरमधला पारा दोन्ही बाजूंना सारख्या उंचीवर राहिला असता आणि मोजण्यासारखं काही उरलंच नसतं. ज्या फरकावर उपकरण चालतं तोच त्या विद्यार्थ्याने एका समानार्थी शब्दाने पुसून टाकला होता.

अशा लिहिण्याला इंग्रजीत पॅचरायटिंग म्हणतात. रेबेका मूर हॉवर्ड या अमेरिकी लेखन-अध्यापिकेने १९९०च्या दशकात हे नाव रूढ केलं. त्यांचं म्हणणं असं की नवख्या विषयात शिरणारा विद्यार्थी ही ठिगळं सहसा फसवायच्या हेतूने लावत नाही. मजकूर पुरता कळलेला नसतो, त्यामुळे तो मूळ वाक्याचा हात सोडायला धजावत नाही, आणि यातून शिकणाऱ्या बहुतेकांना जावं लागतं. मला हे पटतं. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून डिप्लोमाला किंवा इंजिनिअरिंगला आलेल्या मुलांचं तर मी रोज बघतो. पुस्तकातलं इंग्रजी वाक्य निदान व्याकरणाने बरोबर आहे याची खात्री असते, आपल्या वाक्याची ती नसते. मग ते वाक्य कायम ठेवून शब्दकोशातून चार शब्द बदलणं हाच सुरक्षित मार्ग वाटतो. पण कारण समजलं म्हणून तो उतारा रिपोर्टमध्ये चालवून घ्यावा असं मला वाटत नाही. मी तो परत देतो.

परत देताना ‘आणखी शब्द बदल’ असं सांगितलं तर आणखी दोन राशी बिघडून येतात. म्हणून मी पुस्तक मिटायला लावतो आणि मुलाला उपकरणापाशी नेतो. परवा एका मुलीबरोबर झालेलं बोलणं साधारण असं होतं.

“पाणी गळ्यात वेगाने का जातं?”

“सर, कारण तिथे दाब कमी आहे.”

“आणि तिथे दाब कमी का आहे?”

“कारण तिथे वेग जास्त आहे.” मग ती स्वतःच हसली. “सर, हे गोल गोल फिरतंय.”

“पाइपात दर सेकंदाला जेवढं पाणी शिरतं, त्यातलं काही गळ्यापाशी साठून राहतं का?”

“नाही. जेवढं शिरतं तेवढंच बाहेर पडतं.”

“मग पाव क्षेत्रफळातून तेवढंच पाणी जायचं तर?”

“चौपट वेगाने जावं लागेल.”

“आणि हळू चाललेल्या पाण्याचा वेग वाढवायचा तर त्याला काय लागेल?”

“मागून धक्का.” ती थोडं थांबली. “म्हणजे मागचा दाब पुढच्यापेक्षा जास्त असला पाहिजे. तो तसा असतो म्हणून वेग वाढतो!”

पुस्तकातल्या उताऱ्याचं दुसरं वाक्य आता पुन्हा वाचा. ‘वेग वाढतो, त्यामुळे दाब कमी होतो.’ हे वाक्य कितीतरी पुस्तकांत या ना त्या रूपात भेटतं, आणि परीक्षेत त्याला पूर्ण गुण मिळतात. त्यातला ‘त्यामुळे’ मात्र घसरडा आहे. बर्नोलीचं समीकरण फक्त इतकंच सांगतं की एक राशी वाढली की दुसरी किती घटते. कोण कोणामुळे, हे ते सांगत नाही. ते न्यूटनच्या नियमाकडे जाऊन विचारावं लागतं, आणि तिथे उत्तर असं येतं की पाण्याच्या एखाद्या थेंबाचा वेग वाढतोय, कारण त्याच्या मागचा दाब पुढच्या दाबापेक्षा जास्त आहे. नळीच्या आकारामुळे हे दोन्ही बदल एकत्रच घडून यावे लागतात. शब्द बदलणाऱ्याने ‘त्यामुळे’चं ‘म्हणून’ केलं आणि तो पुढे गेला. ज्या मुलीला पुस्तक न बघता सांगावं लागलं, ती त्या शब्दाशी अडली.

हे सगळं बोलणं मराठीतच झालं, आणि ते तसंच व्हायला हवं असं माझं मत आहे. तत्त्व आधी ज्या भाषेत विचार चालतो त्या भाषेत, तांत्रिक शब्दांची मिसळ करून, तोंडी सांगता आलं की मग इंग्रजीत लिहिलेलं वाक्य साधं आणि थोडं ओबडधोबड येतं, पण ते स्वतःचं असतं. त्यातलं व्याकरण मी लाल पेनाने दुरुस्त करतो, त्याचे गुण कापत नाही.

त्या मुलीच्या गटाची रीडिंग आणि तिने नंतर लिहिलेली थिअरी सांगतो. पाइपचा व्यास २५ मिलिमीटर, गळ्याचा १२.५ मिलिमीटर. मॅनोमीटरमध्ये पाऱ्याच्या दोन पातळ्यांत २२ मिलिमीटरचा फरक. टाकीत १० लिटर पाणी जमायला ३५ सेकंद. तिची थिअरी मराठीत मांडायची तर अशी होती:

‘आमच्या व्हेंच्युरीमीटरच्या गळ्याचा व्यास पाइपच्या निम्मा आहे, म्हणजे क्षेत्रफळ एक चतुर्थांश. पाणी दाबून लहान होत नाही आणि मध्ये कुठे साठत नाही, त्यामुळे गळ्यातला वेग पाइपमधल्या वेगाच्या चौपट असला पाहिजे. हा वेग वाढवायला लागणारी ऊर्जा बाहेरून येत नाही. ती पाण्याच्या दाबातून येते. म्हणून गळ्याजवळचा दाब पाइपमधल्या दाबापेक्षा कमी दिसतो. उपकरण आडवं असल्याने उंचीमुळे पडणारा फरक धरलेला नाही. घर्षणात ऊर्जा वाया जात नाही आणि व्हॉल्व्ह न हलवल्यामुळे प्रवाह वेळेनुसार बदलत नाही असं मानलं, तर दाबातली ही घट मोजून बर्नोलीच्या समीकरणाने वेग काढता येतो. मॅनोमीटरमध्ये पाऱ्याच्या वर दोन्ही बाजूंना पाणीच आहे, म्हणून पाऱ्याच्या फरकाला १३.६ ऐवजी १२.६ ने गुणलं आहे. घर्षण प्रत्यक्षात थोडं असतंच, त्यामुळे खरा प्रवाह काढलेल्या प्रवाहापेक्षा किंचित कमी येईल.’

पुस्तकातला उतारा तत्त्वापासून सुरू होतो, मग समीकरणाकडे जातो आणि उपकरण शेवटी येतं. हा उतारा उपकरणापासून निघाला आणि तत्त्वाला वाटेत गाठलं. मांडणी बदलली की वाक्यं आपोआप बदलतात, समानार्थी शब्द शोधत बसावं लागत नाही. आणि पुस्तकात जे असूच शकत नव्हतं ते यात आलं: निम्मा व्यास, आडवं उपकरण, न हलवलेला व्हॉल्व्ह. पुस्तक लिहिणाऱ्याला आमच्या लॅबमधला व्हॉल्व्ह माहीत असण्याचं कारणच नाही.

आकडेही तिच्या थिअरीशी जुळतात. पाऱ्याच्या २२ मिलिमीटरला १२.६ ने गुणलं की पाण्याच्या साधारण २७.७ सेंटिमीटर उंचीइतका दाबातला फरक मिळतो. त्यावरून गळ्यातला वेग सेकंदाला सुमारे २.४ मीटर आणि पाइपमधला ०.६ मीटर. काढलेला प्रवाह सेकंदाला ०.२९६ लिटर, आणि टाकीत प्रत्यक्ष जमलेला ०.२८६ लिटर. दोहोंचं गुणोत्तर ०.९७. ‘किंचित कमी येईल’ असं तिने आकडेमोडीआधीच लिहिलं होतं, ते खरं ठरलं.

आता तिने काय बदललं नाही तेही सांगायला हवं, कारण गोंधळ तिथेच होतो. दाब, ऊर्जा, प्रवाह, वेग, व्हेंच्युरीमीटर, मॅनोमीटर हे शब्द पुस्तकातलेच आहेत आणि ते तसेच राहायला हवेत. आकडेमोडीच्या वर तिने लिहिलेलं p/ρg + v²/2g + z = स्थिरांक हे समीकरणही तेच. ते कोणाच्या मालकीचं नाही, आणि ते बदलून लिहिलं तर ते चुकेल. संज्ञा आणि समीकरणं सर्वांची असतात. समजावून सांगण्याची पद्धत मात्र लेखकाची असते: कोणती गोष्ट आधी सांगितली, कोणतं उदाहरण घेतलं, कोणत्या शब्दांत गाठ सोडवली. तत्त्व सांगायचं म्हणून बर्नोलीचा संदर्भ द्यायची गरज नाही, ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण एखाद्या पुस्तकातली खास सिद्धता किंवा खास आकृती वापरली, तर ती कितीही स्वतःच्या शब्दांत लिहिली तरी त्या पुस्तकाचं नाव तिथल्या तिथे द्यावं लागतं. शब्द बदलले की ऋण फिटलं, असं मुलांना वाटतं. तसं होत नाही. आणि एखादं वाक्य इतकं नेमकं असेल की ते बदलवत नाही, तर ते अवतरणचिन्हांत घालून कोणाचं आहे ते लिहावं. लॅब रिपोर्टमध्ये अशी वेळ फार क्वचित येते.

हे सगळं बर्नोलीवरच बोलावंसं वाटतं, त्याला आणखी एक कारण आहे. या तत्त्वाच्या जन्मातच उचलेगिरीचं भांडण आहे, आणि तेही बापलेकांचं. डॅनियल बर्नोलीचा ‘हायड्रोडायनामिका’ हा ग्रंथ १७३८ साली प्रसिद्ध झाला. मुखपृष्ठावर त्याने स्वतःची ओळख ‘योहानचा मुलगा’ अशी दिली होती. वडील योहान बर्नोली त्या काळचे बडे गणिती. पॅरिसच्या अकादमीचं पारितोषिक एकदा दोघांना विभागून मिळालं, आणि मुलगा आपल्या बरोबरीला आला याचाच बापाला राग आला होता. पुढे योहानने ‘हायड्रॉलिका’ नावाने त्याच विषयावर आपलं पुस्तक काढलं. ते १७४३ च्या सुमारास बाहेर आलं, पण त्याच्या शीर्षकातच १७३२ हे साल घातलेलं होतं, म्हणजे मुलाच्या आधीचं. डॅनियलने गणिती ऑयलरला लिहिलेल्या पत्रात संतापून तक्रार केली की आपलं सगळं काम आपल्याकडून हिरावून घेतलं गेलं.

या गोष्टीत मला रस वाटतो तो तिच्या दुसऱ्या बाजूमुळे. योहानने मागचं साल टाकणं हे सरळ सरळ वाईट होतं. पण त्याच्या पुस्तकात मुलाच्या पुस्तकाची नुसती नक्कल नव्हती. डॅनियलने ऊर्जेच्या हिशेबातून विषय मांडला होता, योहानने तो बलांपासून सुरू केला, आणि वाहत्या द्रवाच्या आतल्या दाबाची कल्पना त्याच्याकडे अधिक स्पष्ट झाली. मग ऑयलरने १७५०च्या दशकात द्रवाच्या गतीची समीकरणं लिहिली आणि आज आपण ‘बर्नोलीचं समीकरण’ म्हणून जे लिहितो ते रूप त्यातून आलं. डॅनियलच्या ग्रंथात ते या रूपात सापडत नाही. तेच तत्त्व दुसऱ्याने निराळ्या वाटेने सांगितलं की ते पुढे जातं, हे खुद्द योहानने दाखवून दिलं. त्याने १७३२ हे साल न टाकता मुलाचं नाव नीट घेतलं असतं, तर आज त्याच्याविषयी कोणाला एक वाईट शब्द काढावा लागला नसता.

याच्या अगदी उलट वागणारा माणूसही याच उपकरणाच्या इतिहासात आहे. जोव्हान्नी बात्तिस्ता व्हेंच्युरी या इटालियन शास्त्रज्ञाने १७९७ साली निमुळत्या नळ्यांतल्या प्रवाहावर लिहिलं. प्रवाह मोजायचं यंत्र मात्र त्याने केलं नाही. ते १८८०च्या दशकात क्लेमेन्स हर्शेल या अमेरिकी अभियंत्याने केलं आणि त्याला व्हेंच्युरीचं नाव दिलं. हर्शेलमीटर म्हणणं त्याला सहज शक्य होतं.

मजकुरातलं साम्य शोधणाऱ्या सॉफ्टवेअरने दाखवलेल्या टक्क्यांची भीती मुलांना फार असते, म्हणून त्याबद्दल थोडंसं. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्य रोखण्याचे नियम केले. त्यात १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, आणि पुढे ४० आणि ६० टक्क्यांच्या पायऱ्या आहेत. मुलं ‘दहाच्या आत आणायचंय’ म्हणतात ते तिथून आलं. पण त्याच नियमांत व्याख्या देताना असाइनमेंट, टर्म पेपर, प्रोजेक्ट रिपोर्ट, निबंध, उत्तरपत्रिका हे सगळं वगळलेलं आहे. ते नियम पदव्युत्तर आणि संशोधनाच्या प्रबंधांसाठी, शोधनिबंधांसाठी आहेत. तुमच्या व्हेंच्युरीमीटरच्या रिपोर्टला कॉलेज स्वतःचा नियम लावू शकतं, पण दहाचा आकडा त्याच्यासाठी लिहिलेला नाही. शिवाय सर्वसाधारण संज्ञा, नियम, प्रमाण चिन्हं आणि प्रमाण समीकरणं साम्याच्या मोजणीतून वगळावीत असंही तिथे म्हटलं आहे. म्हणजे ‘स्थिर’चं ‘एकसमान’ करून साम्य घटवायची गरज त्या नियमांनाही वाटलेली नाही.

सॉफ्टवेअर न वापरताही उसनी थिअरी ओळखू येते. आमचं उपकरण आडवं आहे आणि थिअरीत तिरप्या नळीचं z₁ − z₂ येतं, तेव्हा ती थिअरी दुसऱ्या कुठल्या तरी उपकरणाची असते. मॅनोमीटर पाऱ्याचा आहे आणि थिअरीत उलट्या मॅनोमीटरची आकृती आहे, तेव्हाही तेच. १२.६ हा आकडा लिहिलाय, पण कुठून आला विचारलं तर ‘सर, फॉर्म्युलातच आहे’ असं उत्तर येतं. आणि सर्वांत बोलकी खूण म्हणजे पान दोनवर ‘घर्षणामुळे प्रत्यक्ष प्रवाह नेहमी कमी येतो’ असं लिहिलेलं असतं आणि पान पाचवर प्रत्यक्ष आणि काढलेल्या प्रवाहाच्या गुणोत्तराचा गुणांक १.०४ काढून त्याखाली चौकट आखलेली असते. त्याच हाताने दोन्ही लिहिलं, तरी एकाने दुसऱ्याला हटकलं नाही. मॅनोमीटरच्या नळीत हवेचा बुडबुडा अडकला होता, किंवा स्टॉपवॉच लवकर थांबवलं गेलं होतं. थिअरी स्वतःची असती तर १.०४ दिसताच हात थांबला असता आणि कोणीतरी नळीतली हवा काढायला उठलं असतं.

शेवटी एक अडचणीची जागा. पुस्तकच चुकीचं असेल तर काय करायचं? बर्नोलीच्या तत्त्वाचा उपयोग म्हणून विमानाच्या पंखाचं स्पष्टीकरण जागोजागी छापलेलं आहे: पंखाचा वरचा भाग फुगीर असल्याने वरच्या हवेला लांबचा रस्ता पडतो, खालच्या हवेला मागच्या कडेपाशी गाठायला तिला घाई करावी लागते, म्हणून वर वेग जास्त आणि दाब कमी. हे स्पष्टीकरण चूक आहे. नासाने विद्यार्थ्यांसाठी केलेल्या पानांवर ते चुकीच्या सिद्धांतांच्या यादीत घातलेलं आहे. वर आणि खाली विभागलेल्या हवेने एकाच वेळी मागे पोहोचावं असा कुठलाच नियम नाही. प्रत्यक्षात वरची हवा आधीच पुढे निघून गेलेली असते. शिवाय दोन्ही बाजूंनी सारख्या आकाराच्या पंखांची विमानंही उडतात, आणि काही विमानं उलटीही उडवता येतात.

ही थिअरी शब्द बदलून लिहिणारा ती चूक अखंड पुढे नेतो. पुस्तक मिटून सांगू पाहणारा बहुधा ‘गाठायला’पाशी अडखळतो: का गाठायचं तिला? एका मुलाने सेमिनारच्या रिपोर्टआधी मला नेमकं हेच विचारलं, आणि पुढे विचारलं, “सर, मग मी लिहू काय? पुस्तक तर नेमलेलं आहे.” मी त्याला सांगितलं की पुस्तक काय म्हणतं ते पुस्तकाचं नाव घेऊन दोन ओळींत लिही, मग ते का पटत नाही ते तुझ्या भाषेत लिही, आणि पंखाभोवती हवा खाली वळते आणि पंखाला वर ढकलते हे न्यूटनच्या नियमाने मांड. त्याने तसं लिहिलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी व्हायवात त्याला वीस मिनिटं त्याच परिच्छेदावर धरलं आणि बाकीचा रिपोर्ट उघडलाच नाही.